बंद केलेली फाइल परत "Anyone with the link" होते: गूगल ड्राइव्हचं शेअरिंग कंपनीपुरतं कसं ठेवायचं

तक्रार नेहमी एकाच साच्यात येते. "रेटची शीट आम्ही बंद केली होती. आज पाहिलं तर परत कुणालाही उघडतेय." बंद करायचं, काही दिवसांनी ती उघडी सापडायची, पुन्हा बंद करायचं. अंबड, सातपूर, सिन्नर भागातल्या छोट्या युनिटांमध्ये हे सर्रास दिसतं. दहा-पंधरा माणसं, गूगल वर्कस्पेसची मोजकी खाती, बाकी सगळे आपापल्या जीमेलवर आणि कामाच्या लिंक व्हॉट्सॲपवर, असा तिथला कारभार असतो.

ड्राइव्ह आपोआप काही उघडत नाही. कुणीतरी उघडतं, आणि बहुतेक वेळा त्या माणसाचं काम खरोखरच अडलेलं असतं. म्हणून नुसतं कुलूप बदलून भागत नाही. काम कुठे अडलं ते आधी शोधायचं, ते मोकळं करायचं आणि मग कुलूप लावायचं. हा क्रम उलटा केलात, तर पुढच्या आठवड्यात फाइल परत उघडी मिळेल.

आधी खात्री करा: फाइल खरंच उघडी आहे का?

स्वतःच्या ब्राउझरमध्ये लिंक उघडून बघण्यात अर्थ नाही, कारण तुम्हाला ती उघडणारच. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये `Ctrl+Shift+N` दाबून इनकॉग्निटो विंडो उघडा आणि लिंक तिथे टाका. साइन-इन मागितलं तर फाइल बंद आहे. ती फक्त नावानिशी दिलेल्यांसाठी असेल किंवा कंपनीतल्यांसाठी, पण रस्त्यावरच्या माणसाला ती दिसणार नाही. काहीच न विचारता मजकूर समोर आला, तर ती जगाला उघडी आहे.

दुसरी खूण शीटमध्येच दिसते. वरती उजव्या कोपऱ्यात, कोण-कोण फाइल पाहतंय ते दाखवणाऱ्या गोलांमध्ये एखादा प्राणी आणि `Anonymous` असं नाव दिसलं, तर कुणीतरी नाव न कळवता लिंकवरून आत आलेलं आहे. तो आपलाच माणूस असू शकतो, साइन-इन न करता आलेला. पण फाइल उघडी असल्याशिवाय हा प्राणी दिसत नाही, एवढं नक्की.

आता शेअरच्या खिडकीत `General access` च्या खाली काय लिहिलंय ते बघा. वर्कस्पेसच्या फाइलला इथे तीन पर्याय असतात. `Restricted` म्हणजे वरच्या यादीत ज्यांची नावं आहेत तेवढेच. मधला पर्याय तुमच्या कंपनीच्या नावाचा असतो. तो निवडला की कंपनीच्या खात्याने साइन-इन केलेल्या कुणालाही लिंकवरून फाइल उघडते. तिसरा `Anyone with the link`, ज्यात खातं असण्याचीही गरज नाही.

मधला पर्याय दिसतच नसेल, तर तिथेच थांबा. याचा अर्थ बहुधा असा, की फाइलची मालकी कंपनीच्या खात्याकडे नाहीच. कुणाच्या तरी वैयक्तिक जीमेलवर ती जन्माला आली आहे. याचं काय करायचं ते पुढे येईल.

कुणी उघडली ते बघा, पण भांडायला नाही

ड्राइव्हमध्ये फाइल निवडा, `i` चं चिन्ह दाबा आणि `Activity` बघा. शेअरिंग कुणी आणि कधी बदललं ते तिथे दिसतं. ज्याचं नाव निघेल त्याला एवढंच विचारा, "त्या दिवशी कुणाचा फोन आला होता?"

अंबडच्या एका मशीनिंग युनिटमधलं उदाहरण घेतो. त्यांच्याकडे दोन संवेदनशील गोष्टी होत्या. एक मशीनिंगच्या रेटची शीट, ज्यात कुठल्या पार्टीला ताशी किती लावतो हे सगळं होतं. दुसरं, ग्राहकांकडून गोपनीयता करारावर आलेल्या ड्रॉइंगचं फोल्डर. अकाउंट्सच्या मॅडमना रेटच्या शीटवर ते प्राणी दिसले, त्यांनी शीट `Restricted` केली, आणि थोड्या दिवसांनी प्राणी परत आले.

`Activity` मध्ये नाव निघालं भागीदारांपैकी धाकट्या साहेबांचं. झालं होतं असं, की शॉप फ्लोअरवरचा सुपरवायझर व्हॉट्सॲपवरची लिंक दाबायचा आणि `You need access` असं पान समोर यायचं. तो फोन करायचा, "साहेब, शीट उघडत नाहीये, परवानगी मागतंय. गाडी दारात उभी आहे." साहेब तेव्हा कुठेतरी द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये. त्यांनी फोनवरूनच `Anyone with the link` करून टाकलं. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि गाडी सुटली.

यात गंमत अशी, की त्या सुपरवायझरला कंपनीचं खातं होतं आणि शीटच्या यादीत त्याचं नावही होतं. शीट त्याच्यासाठी बंद नव्हतीच.

खरा घोळ: फोन कुठल्या खात्याने उघडतोय

अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपमधली शीटची लिंक दाबली, की ती बहुधा शीट्स किंवा ड्राइव्हच्या ॲपमध्ये उघडते. त्या ॲपमध्ये जे खातं निवडलेलं असेल, त्याच खात्याने ती उघडायचा प्रयत्न होतो. सुपरवायझरच्या फोनवर पहिलं खातं त्याचं स्वतःचं जीमेल होतं, प्लेस्टोअर वगैरेसाठी कधीतरी काढलेलं. कंपनीचं खातं त्याने फोनवर घातलंच नव्हतं. ते फक्त कॅबिनमधल्या कॉम्प्युटरवर होतं. त्यामुळे ड्राइव्हच्या दृष्टीने लिंक दाबणारा माणूस बाहेरचा होता.

हे ओळखायला सोपं आहे. अडलेल्या माणसाला त्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. कुठल्या खात्याने साइन-इन आहे ते त्यावर दिसतं. तिथे `@gmail.com` दिसलं, तर परवानगीला हात लावायचा नाही, खातं बदलायचं.

उपाय असा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कंपनीचं खातं फोनवर जोडा. मग ड्राइव्ह आणि शीट्स ही दोन्ही ॲप एकेकदा उघडून, वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या फोटोवर दाबून कंपनीचं खातं निवडा. दोन्ही म्हणतोय, कारण एका ॲपमध्ये बदलून दुसरं तसंच राहिलं की परत तेच पान दिसतं आणि परत तोच फोन येतो. कॉम्प्युटरवर कंपनीच्या कामासाठी क्रोमचं वेगळं प्रोफाइल काढा. एकाच प्रोफाइलमध्ये तीन खाती उघडी ठेवली, की लिंक भलत्याच खात्याने उघडण्याचा त्रास कायमचा मागे लागतो.

त्या युनिटमध्ये प्रत्येकाचा फोन हातात घेऊन हे करायला एक दुपार गेली. कंटाळवाणं काम आहे, पण "लिंक उघडत नाही" चे बहुतेक फोन तिथेच थांबले. हे न करता थेट ॲडमिनमधून कुलूप लावलं असतं, तर गाडी दारात अडकली असती आणि शीटचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरला असता. फोटोला कुठलंही शेअरिंग लागू होत नाही.

राहिले ते ज्यांना कंपनीचं खातंच नाही. प्रत्येक खात्याला महिन्याचे पैसे पडतात, त्यामुळे छोटं युनिट प्रत्येक ऑपरेटरला खातं देत नाही, आणि ते ठीकच आहे. अशा माणसाला रोज शीट बघायची असेल, तर त्याचा वैयक्तिक जीमेल पत्ता नावानिशी `Viewer` म्हणून यादीत घाला. तो नोकरी सोडेल तेव्हा नाव काढता येतं. जगाला लिंक उघडी ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. दुसरा मार्ग म्हणजे शॉप फ्लोअरवर एकच कॉम्प्युटर आणि त्यावर कंपनीचं एक खातं, फक्त बघण्यापुरतं. एकच आयडी आणि पासवर्ड दहा जणांच्या फोनमध्ये भरण्याच्या फंदात मात्र पडू नका. कुणी काय केलं ते कधीच कळत नाही, आणि एक माणूस गेला की सगळ्यांचे फोन परत हातात घ्यावे लागतात.

मग उघडण्याच्या वाटा बंद करा

काम मोकळं झालं. आता लिंक परत उघडी होण्याच्या वाटा. आमच्या उदाहरणात तीन निघाल्या.

पहिली, शीटवर ज्याला `Editor` दिलंय तो प्रत्येक जण शेअरिंगही बदलू शकतो. मुळात सोय तशीच असते. शेअरच्या खिडकीत वर गिअरचं चिन्ह आहे. तिथे एडिटरना परवानग्या बदलू देणारी टिक असते, ती काढा. मग रेट भरण्याचं काम सगळे करतील, पण दार उघडायचा अधिकार फक्त मालक खात्याकडे राहील. मालक खातं कुणाचं, हाही प्रश्न आहेच. ज्याला फोन करून "जरा उघडून द्या" म्हटलं की लगेच उघडून देतो, अशा माणसाचं ते नको. त्या युनिटमध्ये ते अकाउंट्सच्या मॅडमकडे गेलं. धाकट्या साहेबांनी थोडी कुरकुर केली, मग तेही मान्य झाले.

दुसरी वाट जीमेलची. मेलमध्ये फाइलची लिंक चिकटवून बाहेरच्या कुणाला पाठवायला गेलं, की त्याला परवानगी नाही असं जीमेल दाखवतं आणि तिथल्या तिथे परवानगी द्यायची सोय करतं. घाईतला माणूस समोर येईल तो पर्याय दाबून मेल पाठवतो, आणि त्या पर्यायांत लिंक असलेल्या कुणालाही परवानगी देण्याचाही पर्याय असतो. आपण जगाला फाइल उघडी केली, हे त्याच्या गावीही नसतं. त्याने फक्त मेल पाठवलेला असतो. म्हणून "मी शेअरिंगला हात लावला नाही" असं कुणी शपथेवर सांगितलं, तरी ते खोटं असेलच असं नाही. याचा बंदोबस्त ॲडमिनमधून होतो, तो पुढे सांगतो.

तिसरी वाट फोल्डरची, आणि इथे लोक सगळ्यात जास्त चकतात. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे ते फोल्डर जगाला उघडं असेल, तर त्यातली फाइलही उघडी होते. कुणीतरी बंद शीट उचलून "पार्टीला पाठवायचं" अशा एखाद्या उघड्या फोल्डरमध्ये ओढून टाकली, की झालं. अशा वेळी फाइलवर जाऊन ती बंद करत बसू नका. वर चढत जा, कुठल्या फोल्डरपासून दार उघडं आहे ते शोधा आणि तिथे बंद करा. त्या युनिटमधल्या ड्रॉइंगचं नेमकं हेच झालं होतं. एका लेझर कटिंगवाल्याला एकच ड्रॉइंग पाठवायचं होतं, म्हणून आख्खं फोल्डर उघडं केलं गेलं. त्यानंतर त्यात आलेलं प्रत्येक ड्रॉइंग जन्मतःच उघडं होतं, दुसऱ्या ग्राहकांची करारावरची ड्रॉइंगसुद्धा.

ॲडमिनमध्ये काय बदलायचं

`admin.google.com` वर ॲडमिन खात्याने जा. Apps, मग Google Workspace, मग Drive and Docs, मग Sharing settings. बहुतेक युनिटांमध्ये हे खातं ज्याने पहिल्यांदा डोमेन जोडून दिलं त्याच्याकडे असतं. पासवर्ड मालकाकडे आहे ना, हे आधी बघा.

इथे कंपनीबाहेर शेअर करण्याबद्दलचा भाग आहे. पहिला मोह होतो तो सरळ `OFF` करायचा. छोट्या कंपनीसाठी मी तो सुचवत नाही. `OFF` केलं की सीएला ताळेबंदाची शीट नावानिशी देता येत नाही, प्लेटिंगवाल्याला ड्रॉइंग देता येत नाही, आणि मग लोक कामाच्या फाइल वैयक्तिक जीमेलवर नेऊन तिथून वाटायला लागतात. तिथे तुमचं काहीच चालत नाही.

म्हणून `ON` राहू द्या, बाहेर शेअर करताना इशारा देणारी टिक चालू ठेवा, आणि फाइल लिंक असलेल्या कुणालाही दिसू देण्याची जी टिक आहे, ती काढा. परिणाम असा, की बाहेरच्याला देता येतं, पण नाव आणि ईमेल घालून. "कुणालाही" हा पर्याय कर्मचाऱ्यांच्या हातातून जातो. आमच्या तक्रारीचं मुख्य औषध हीच टिक.

त्याच पानावर `Access Checker` आहे. जीमेलमधली ती सोय इथून ताब्यात येते. तिथे `Recipients only` निवडा, म्हणजे मेलमधून फक्त ज्याला मेल चालला आहे त्यालाच परवानगी देता येईल. लक्षात ठेवा, याचा संबंध जीमेलसारख्या गूगलच्याच सेवांशी आहे. व्हॉट्सॲपवर लिंक चिकटवली तर तिथे कुणी काही विचारत नाही.

नव्या फाइलची सुरुवात कशी व्हावी, यासाठीही एक सेटिंग आहे, `General access default`. छोट्या कंपनीत ते मालकापुरतं खाजगी ठेवणंच शहाणपणाचं. सगळ्या कंपनीला सर्चमध्ये सापडेल असा पर्याय तिथे असतो. तो निवडला, तर उद्या अकाउंट्समध्ये कुणी पगाराची शीट सुरू करेल आणि स्टोअरमधला मुलगा ड्राइव्हमध्ये काहीतरी शोधताना त्याला ती सापडेल. "कंपनीपुरतं" म्हणजे सुरक्षित, असं धरून चालू नका. पगार, आधारच्या प्रती, भागीदारांचा हिशेब यांना `Restricted` च हवं. कंपनीच्या नावाचा मधला पर्याय रजेचा अर्ज, सुट्ट्यांची यादी, मशीनच्या मेंटेनन्सचं वेळापत्रक असल्या गोष्टींसाठी चांगला.

ॲडमिनमधले बदल सगळीकडे लागू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. सेव्ह केल्यावर दहा मिनिटांत तपासून "काही फरक पडला नाही" म्हणू नका. दुसऱ्या दिवशी, एखाद्या साध्या कर्मचाऱ्याच्या खात्यातून फाइल उघडी करायचा प्रयत्न करून बघा.

एक अपवाद राहतो. विक्रीवाल्यांचा कॅटलॉग खरोखरच जगाला दाखवायचा असतो. त्यासाठी सगळ्यांचं दार उघडं ठेवायची गरज नाही. ॲडमिनमध्ये विक्रीचा एक वेगळा संघटनात्मक विभाग काढून फक्त त्यातल्या खात्याला ती टिक देता येते. कॅटलॉग त्या खात्याच्या मालकीचा ठेवा.

आधीच उघड्या पडलेल्या फाइल

सेटिंग बदललं म्हणजे जुनं सगळं झाकलं गेलं, असं गृहीत धरू नका. जुन्या उघड्या फाइल शोधून, हाताने बंद करून, इनकॉग्निटोमध्ये तपासायच्या. त्यासाठी `script.google.com` वर नवा प्रोजेक्ट काढून हे चालवा:

```
function ughadyaFiles() {
  const q = '"me" in owners and trashed = false and ' +
    '(visibility = "anyoneWithLink" or ' +
    'visibility = "anyoneCanFind")';
  const it = DriveApp.searchFiles(q);
  while (it.hasNext()) {
    const f = it.next();
    Logger.log(f.getName() + '  ' + f.getUrl());
  }
}
```

पहिल्या वेळी परवानगी मागेल, ती द्या. खाली लॉगमध्ये यादी येते. ही फक्त वाचते, काही बदलत नाही. `searchFiles` च्या जागी `searchFolders` घालून परत एकदा चालवा, म्हणजे उघडी फोल्डरं मिळतील. बंद करायला सुरुवात फोल्डरांपासूनच करा, म्हणजे फाइलची यादी बरीच आखडेल. ज्या खात्यातून चालवाल त्याच खात्याच्या मालकीच्या फाइल दिसतात, त्यामुळे प्रत्येक महत्त्वाच्या खात्यातून हे करावं लागेल. स्क्रिप्टला एका वेळी सहा मिनिटांची मर्यादा आहे. छोट्या युनिटला ती पुरते.

यादी बघताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. फाइलची लिंक कधी बदलत नाही. बंद केली, उघडली, परत बंद केली, तरी पत्ता तोच. म्हणजे दोन वर्षांपूर्वी कुठल्या ग्रुपवर टाकलेली लिंक आज बंद आहे. पण उद्या कुणी पाच मिनिटांसाठी जरी फाइल जगाला उघडी केली, तरी तेवढ्या वेळात जुन्या सगळ्या फॉरवर्डमधून ती परत उघडते. सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचंही तसंच. त्याचं कंपनीचं खातं बंद केलं, की `Restricted` आणि कंपनीपुरत्या फाइल त्याला दिसत नाहीत. पण `Anyone with the link` असलेली शीट त्याच्या व्हॉट्सॲपमधून आजही उघडते, कारण तिथे खात्याचा प्रश्नच नाही. रेटची शीट फार फिरली असेल, तर `Make a copy` करून नवी प्रत वापरात आणा आणि जुनी रिकामी करून बंद करा. नव्या प्रतीला नवा पत्ता मिळतो.

वैयक्तिक जीमेलच्या मालकीच्या फाइललाही हाच उपाय. वर म्हटलेला मधला पर्याय न दिसणं, ते हेच. ॲडमिनमधली सेटिंग्ज कंपनीच्या खात्यांच्या फाइलना लागू होतात, कुणाच्या घरच्या जीमेलला नाहीत. अशा फाइलची मालकी वैयक्तिक खात्यातून कंपनीच्या खात्याकडे सरळ देता येत नाही. कंपनीच्या खात्याने फाइल उघडून प्रत काढायची आणि मूळ फाइल ज्याची आहे त्याला ती बंद करायला लावायची. मूळ तशीच उघडी ठेवून नवीच्या सुरक्षेवर खूश होणारे बरेच भेटतात. दुसऱ्या शीटमध्ये `IMPORTRANGE` लावून जुन्या शीटमधून आकडे ओढले असतील, तर तिथे नवा पत्ता घालावा लागेल आणि पुन्हा परवानगी द्यावी लागेल. नाहीतर जुनेच आकडे येत राहतात आणि ते चटकन लक्षातही येत नाही.

जॉबवर्कवाल्यांना ड्रॉइंग देताना

इथे पूर्ण कुलूप शक्य नाही, हे आधी मान्य करा. लेझर कटिंगवाल्याला डीएक्सएफ फाइल मशीनवर घ्यायची असते, म्हणजे ती डाउनलोड होणारच. बघणाऱ्यांना डाउनलोड करू न देण्याची सोय ड्राइव्हमध्ये आहे, पण इथे ती लावली तर काम थांबेल. एकदा डाउनलोड झालेली फाइल तुम्ही परत बोलावू शकत नाही. आपल्या हातात एवढंच आहे, की त्याला त्याचंच ड्रॉइंग दिसावं आणि काम संपल्यावर दार बंद व्हावं.

त्या युनिटमध्ये आता प्रत्येक जॉबवर्कवाल्याचं वेगळं फोल्डर आहे. ते `Restricted` आहे, आणि त्यात फक्त त्या पार्टीचा ईमेल `Viewer` म्हणून. मूळ ड्रॉइंगचं फोल्डर कुणालाच दिलेलं नाही. जे द्यायचं त्याची प्रत पार्टीच्या फोल्डरमध्ये जाते आणि माल आला की काढून टाकली जाते. पार्टीला विचारायचा प्रश्न नेमका हवा. "तुमचा ईमेल काय?" असं विचारलं की व्हिजिटिंग कार्डावरचा पत्ता मिळतो, आणि तो ऑपरेटरच्या कॉम्प्युटरवर कधीच उघडा नसतो. "मशीनजवळच्या कॉम्प्युटरवर कुठलं जीमेल उघडं आहे?" असं विचारा.

गूगल खातं नसलेल्या पत्त्यावर, म्हणजे कुणाच्या जुन्या रेडिफच्या पत्त्यावर, नावानिशी शेअर केलं तर त्या माणसाला ईमेलवर कोड पाठवून आत घेण्याची सोय आहे. ती ॲडमिनमध्ये चालू असावी लागते आणि सगळ्या प्लॅनमध्ये नसते. तुमच्या प्लॅनमध्ये नसेल, तर पार्टीला त्याच पत्त्यावर गूगल खातं काढायला सांगा. जीमेल घ्यावं लागत नाही.

बाहेरच्याने `You need access` च्या पानावरून परवानगी मागितली, की मालक खात्याला मेल येतो. तो मेल आला की पत्ता नीट वाचा. पार्टीच्या नावासारखं दिसणारं, पण कधी न पाहिलेलं जीमेल असेल, तर आधी पार्टीला फोन. आणि परवानगी देताना `Editor` नको, `Viewer`.

सगळं करूनही उघडीच दिसत असेल तर

इनकॉग्निटोमध्ये शीट अजूनही दिसतेय, शेअरच्या खिडकीत मात्र `Restricted` लिहिलंय, असं झालं तर पत्त्याची पट्टी बघा. पत्त्याच्या शेवटी `/pubhtml` किंवा `/pub` दिसलं, तर ती शीट कधीतरी वेबवर प्रकाशित केलेली आहे. हे शेअरिंगपासून वेगळं प्रकरण आहे आणि शेअरिंग बंद केल्याने ते बंद होत नाही. शीटमध्ये File, मग Share, मग `Publish to web` उघडा आणि `Stop publishing` दाबा. रेटची यादी वेबसाइटवर लावायचा कुणाचा तरी जुना प्रयोग बहुधा यामागे निघतो.